गर्दी झाली की उत्तर मध्येच थांबते: स्वतःच्या सर्व्हरवरचे मॉडेल आणि भरून गेलेला केव्ही कॅशे

स्वतःच्या जीपीयूवर खुले भाषा मॉडेल बसवून ते अनेकांना वापरायला दिले, की एक बिघाड हमखास समोर येतो. हा लेख त्या एकाच बिघाडाविषयी आहे. उदाहरणे व्हीएलएलएम या सर्व्हिंग इंजिनाची आहेत, कारण ते बरेच जण वापरतात. पण कारणमीमांसा विनंत्यांची सतत बॅच करणाऱ्या इतर इंजिनांनाही बहुतांशी लागू पडते.

## लक्षणे

सकाळी दोन-चार जण वापरत असताना सर्व काही सुरळीत असते. गर्दीच्या वेळी मात्र उत्तर शब्दाशब्दाने येत असताना अर्ध्या वाक्यात थांबते, काही सेकंद काहीच येत नाही आणि मग तेच वाक्य पुढे चालू होते. काहींना पहिला शब्द दिसायलाच फार वेळ लागतो. मधल्या प्रॉक्सीच्या नोंदींत ५०४ क्रमांकाच्या चुका दिसू लागतात. सर्व्हर पडत नाही, इंजिन त्रुटीचा संदेश देत नाही, आणि गर्दी ओसरली की सगळे आपोआप पूर्ववत होते. म्हणूनच या बिघाडाचे खापर बराच काळ नेटवर्कवर फोडले जाते.

एक गोष्ट लक्षण म्हणून धरू नये. `nvidia-smi` मध्ये जीपीयूची मेमरी नव्वद टक्के भरलेली दिसते आणि पाहणारा घाबरतो. व्हीएलएलएम सुरू होतानाच आपला हिस्सा ताब्यात घेऊन ठेवते, त्यामुळे एकही वापरकर्ता नसतानाही हाच आकडा दिसतो. खरी भरती-ओहोटी त्या हिश्श्याच्या आत चालते आणि ती `nvidia-smi` ला दिसत नाही.

## आत काय घडते

पुढच्या सर्व तपासण्यांचा अर्थ या भागावर अवलंबून आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

मॉडेल प्रत्येक नवे टोकन तयार करताना आधीच्या सर्व टोकनांच्या मध्यवर्ती संख्या वापरते. त्या पुन्हा पुन्हा काढाव्या लागू नयेत म्हणून जीपीयूच्या मेमरीत साठवून ठेवतात. हाच केव्ही कॅशे. लामा ३.१ च्या ८ अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलमध्ये ३२ थर आहेत, प्रत्येक थरात ८ केव्ही हेड आहेत आणि प्रत्येक हेडची लांबी १२८ आहे. दर संख्येला २ बाइट धरले, तर एका टोकनाचा खर्च असा येतो:

```
2 * 32 * 8 * 128 * 2 = 131072 bytes = 128 KiB
```

पहिला २ हा की आणि व्हॅल्यू या दोन संचांसाठी आहे, शेवटचा २ बाइटसाठी. एका टोकनाला १२८ केबी ही रक्कम किरकोळ वाटते, पण ती प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रत्येक टोकनाला लागते.

आता २४ जीबीचे कार्ड घेऊ. इंजिनाला ०.९ हिस्सा दिला तर २१.६ जीबी मिळतात. १६ बिटमधील वजनांना सुमारे १५ जीबी लागतात, आणि गणनेच्या वेळची तात्पुरती जागा व इतर गोष्टींसाठी १.६ जीबी धरू. उरतात ५ जीबी, म्हणजे ४०,९६० टोकनांची जागा. व्हीएलएलएम ही जागा १६ टोकनांच्या ठोकळ्यांमध्ये वाटते, म्हणजे आपल्याकडे २,५६० ठोकळे आहेत. सर्व वापरकर्त्यांची मिळून एवढीच शिल्लक आहे.

समजा प्रत्येक विनंतीत १,५०० टोकनांचा प्रॉम्प्ट आहे आणि उत्तर ५०० टोकनांचे येते. विनंती आत घेताना इंजिन तिच्या प्रॉम्प्टपुरती जागा पाहते. उत्तर किती लांब होईल हे त्याला आधी कळण्याचा मार्ग नाही, आणि सर्वांत लांब उत्तराइतकी जागा आधीच अडवून ठेवली तर मेमरीचा मोठा भाग रिकामा पडून राहील. १,५०० टोकनांना ९४ ठोकळे लागतात, म्हणून एकदम लोंढा आला तर २७ विनंत्या आत जातात आणि २,५३८ ठोकळे लगेच भरतात. शिल्लक राहिले २२. प्रत्येक विनंतीच्या शेवटच्या ठोकळ्यात चारच टोकनांची जागा मोकळी असते. ती संपली की सत्तावीसही विनंत्यांना नवा ठोकळा हवा असतो आणि देण्यासाठी बावीसच असतात. प्रत्यक्षात विनंत्या थोड्या मागेपुढे सुरू होतात आणि काही आवृत्त्या प्रवेशाच्या वेळी थोडी जागा राखून ठेवतात, त्यामुळे हा क्षण जरा पुढे सरकतो, पण टळत नाही.

अशा वेळी इंजिन सर्वांत शेवटी आलेल्या विनंतीला बाहेर काढते, तिचा कॅशे सोडून देते आणि तिला पुन्हा रांगेत बसवते. याला प्रीएम्प्शन म्हणतात. जागा झाली की तिचा प्रॉम्प्ट आणि तोपर्यंत तयार झालेले उत्तर यांची गणना नव्याने करावी लागते. वापरकर्त्याला अर्ध्या वाक्यातली जी शांतता जाणवते, ती हीच. शिवाय ही पुनर्गणना जीपीयूचा वेळ खाते, म्हणून बाहेर न काढलेल्यांनाही तिची झळ बसते. पूर्ण झालेल्या विनंतीला १२५ ठोकळे लागतात, म्हणजे २,५६० ठोकळ्यांत शेवटपर्यंत २० विनंत्याच टिकू शकतात. आत मात्र २७ घेतल्या होत्या. हा सात विनंत्यांचा फरक हेच या बिघाडाचे मूळ आहे.

## पहिली तपासणी: गर्दीच्या वेळचे आकडे पाहणे

यासाठी काहीही बदलावे लागत नाही, फक्त तपासणी बिघाड चालू असताना करावी लागते. गर्दी ओसरल्यावर घेतलेले आकडे काहीच सांगत नाहीत.

```
curl -s http://localhost:8000/metrics \
 | grep -E "num_requests|preemptions|cache_usage"
```

कॅशेच्या मापकाचे नाव आवृत्तीनुसार बदलले आहे. वरची शोधओळ जुने आणि नवे दोन्ही पकडते. इंजिनाच्या लॉगमध्येही दर काही सेकंदांनी अशी ओळ येते:

```
Running: 26 reqs, Waiting: 9 reqs,
GPU KV cache usage: 99.4%, Prefix cache hit rate: 0.0%
```

कॅशे सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, `Waiting` शून्याच्या वर असेल आणि `num_preemptions` चा आकडा दर मिनिटाला वाढत असेल, तर निदान पक्के झाले आणि पुढच्या तपासण्या आपल्यासाठीच आहेत. कॅशे भरलेला असला तरी प्रीएम्प्शनचा आकडा स्थिर असेल, तर काळजीचे कारण नाही; जागा पूर्ण वापरली जात आहे एवढाच त्याचा अर्थ.

`Waiting` वाढलेले असूनही कॅशे अर्धा रिकामा असेल, तर बॅचमधील विनंत्यांची मर्यादा म्हणजे `--max-num-seqs` फार कमी ठेवलेली असते. ती वाढवून पाहावी.

कॅशेही रिकामा आहे, रांगही नाही, तरी उत्तर अडखळत येते, असे दिसले तर बहुधा कोणीतरी खूप लांब प्रॉम्प्ट पाठवत असते. एका फेरीत किती टोकनांवर काम करायचे ते `--max-num-batched-tokens` ठरवते. हा आकडा मोठा असेल तर लांब प्रॉम्प्टची एक फेरी लांबते आणि तेवढा वेळ इतरांची उत्तरे खोळंबतात. तो कमी केला की चालू उत्तरे गुळगुळीत येतात, पण लांब प्रॉम्प्टवाल्याचा पहिला शब्द उशिरा येतो. हा वेगळा बिघाड आहे. त्यासाठी पुढचे उपाय करत बसू नये.

## दुसरी तपासणी: सुरू होतानाच्या दोन ओळी

इंजिन सुरू होताना किती जागा मिळाली ते स्वतः सांगते. आपल्या उदाहरणात, विनंतीची कमाल लांबी ८,१९२ ठेवली असता, त्या ओळी अशा दिसतात:

```
GPU KV cache size: 40,960 tokens
Maximum concurrency for 8,192 tokens per request: 5.00x
```

पहिला आकडा आपण काढलेल्या हिशेबाच्या जवळ आहे का ते पाहावे. तो बराच कमी असेल, किंवा मोकळी मेमरी अपुरी आहे म्हणत इंजिन सुरूच होत नसेल, तर बहुधा जीपीयूवर दुसरे कोणी बसलेले असते: विसरलेली नोटबुक, दुसरे छोटे मॉडेल किंवा पडद्याचे काम करणारी प्रक्रिया. `nvidia-smi` मधील प्रक्रियांची यादी येथे खरोखर उपयोगी पडते. त्या बंद केल्या की विनाखर्च जागा परत मिळते. मात्र इंजिन ही जागा सुरू होतानाच मोजते, म्हणून नंतर ते पुन्हा सुरू करावे लागते.

दुसऱ्या ओळीचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो. एका वेळी पाचच जण वापरू शकतील असे ती म्हणत नाही. प्रत्येकाने पूर्ण ८,१९२ टोकने वापरली तर पाच जण मावतील, एवढेच ती सांगते. यातूनच दुसरा गैरसमज होतो, की `--max-model-len` निम्मे केले म्हणजे जागा दुप्पट होईल. ठोकळे लागतील तसे दिले जातात, म्हणून ही मर्यादा कमी केल्याने एकूण साठा जवळपास तेवढाच राहतो. तिचा उपयोग एखादी अवाढव्य विनंती अडवण्यापुरता आहे. लामा ३.१ ची मूळ मर्यादा १,३१,०७२ टोकने आहे आणि तेवढ्या एका विनंतीलाच १६ जीबी कॅशे लागतो, म्हणून ही मर्यादा कमी केल्याशिवाय आपल्या कार्डावर इंजिन सुरूच होत नाही.

## तिसरी तपासणी: विनंत्या पाठवणारे ॲप

हीदेखील विनाखर्च आहे, आणि बिघाडाचे मूळ येथे सापडण्याची शक्यता बरीच असते.

सर्वप्रथम `max_tokens` पाहावे. चॅटच्या विनंतीत ते दिलेले नसेल, तर उत्तराला विनंतीच्या कमाल लांबीपर्यंत वाढू दिले जाते. मॉडेल कधी कधी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागते आणि थांबतच नाही. अशी एक विनंती ८,१९२ टोकनांपर्यंत गेली तर आपल्या साठ्याचा एक पंचमांश ती एकटीच अडवते, आणि तेही कोणी वाचणार नाही अशा मजकुरासाठी. नेहमीच्या उत्तरांची लांबी मोजून तिच्या दीडपट-दुप्पट मर्यादा घालणे पुरेसे असते. देवनागरी मजकूर बऱ्याच मॉडेलांमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक टोकनांत मोडतो, म्हणून शब्द मोजून अंदाज बांधू नये. मॉडेलच्याच टोकनायझरने मोजावे.

नंतर पुन्हा पाठवण्याची पद्धत पाहावी. ॲप ६० सेकंद वाट पाहून तीच विनंती परत पाठवत असेल आणि आधीची रद्द झालेली नसेल, तर एकाच प्रश्नाची दोन किंवा तीन उत्तरे एकाच वेळी तयार होत असतात. गर्दी जितकी जास्त तितक्या विनंत्यांची मुदत उलटते, आणि जितक्यांची मुदत उलटते तितकी गर्दी वाढते. वापरकर्त्याचा ब्राउझर बंद झाल्यावर संपर्क तुटला हे इंजिनापर्यंत पोहोचले, तर ते विनंती सोडून देते. पण मधला थर तो संपर्क धरून ठेवत असेल तर इंजिनाला काही कळत नाही. पडताळणी सोपी आहे: एक लांब उत्तर मागावे, मध्येच खिडकी बंद करावी आणि `Running` चा आकडा एकने उतरतो का ते पाहावे. उतरत नसेल तर मधला थर दुरुस्त करावा. पुन्हा पाठवण्याआधीचा कालावधी प्रत्येक वेळी वाढत जाईल असा ठेवावा.

## चौथी तपासणी: प्रॉम्प्टची सुरुवात सारखी आहे का

वरच्या लॉगमध्ये `Prefix cache hit rate: 0.0%` असे होते. त्या आकड्याकडे बहुतेक जण पाहत नाहीत, पण माझ्या मते कमी श्रमात सर्वाधिक लाभ येथेच मिळतो.

अनेक विनंत्यांची सुरुवात हुबेहूब सारखी असेल, तर व्हीएलएलएम त्या भागाचे ठोकळे एकदाच ठेवून सर्वांना वाटून देऊ शकते. नव्या आवृत्त्यांत ही सोय मूळचीच चालू असते. जुन्यांत `--enable-prefix-caching` द्यावे लागते. समजा आपल्या १,५०० टोकनांपैकी ९०० टोकने सर्वांना सारख्या असलेल्या सूचनांची आहेत. ती एकदाच साठवली, तर प्रत्येक विनंतीचा स्वतःचा खर्च ६०० अधिक ५०० म्हणजे १,१०० टोकने उरतो. ४०,९६० मधून सामाईक ९०० वजा करून भागाकार केला, तर २० च्या जागी ३६ विनंत्या शेवटपर्यंत मावतात. नवे कार्ड नाही, मॉडेलच्या गुणवत्तेत बदल नाही, आणि प्रॉम्प्टवरील गणनाही वाचते.

तरीही हा दर शून्य का दिसतो? कारण जुळणी पहिल्या टोकनापासून सलग व्हावी लागते. सूचनांच्या अगदी वर कोणीतरी चालू वेळ, वापरकर्त्याचे नाव किंवा विनंतीचा क्रमांक घातलेला असतो. तेथेच जुळणी तुटते आणि खालची ९०० टोकने अक्षरशः सारखी असूनही प्रत्येकासाठी वेगळी साठवली जातात. बदलणाऱ्या गोष्टी सूचनांच्या खाली, प्रश्नाच्या जवळ न्याव्यात, आणि सूचनांचा क्रम किंवा मोकळ्या जागाही विनंतीगणिक बदलत नाहीत ना हे पाहावे. बदल केल्यावर दर वर चढला की काम झाले. अर्थात प्रत्येकाचा प्रॉम्प्ट मुळातच वेगळा असेल, तर या उपायातून काही मिळणार नाही.

## पाचवी तपासणी: आत किती जणांना घ्यायचे

`--max-num-seqs` ही बॅचमध्ये एका वेळी किती विनंत्या चालाव्यात याची मर्यादा आहे. अनेक आवृत्त्यांत ती मूळची २५६ असते. आपल्या कार्डावर हा आकडा कधी गाठलाच जात नाही, म्हणजे प्रत्यक्षात मर्यादा नसल्यासारखीच आहे आणि आवर घालण्याचे काम प्रीएम्प्शनवर पडते.

ही मर्यादा कमी करायला लोक कचरतात, कारण त्यामुळे कमी जणांना सेवा मिळेल असे वाटते. खरे तर २७ विनंत्या आत घेऊन त्यातील सातांना पुन्हा बाहेर काढण्यापेक्षा २० घेऊन त्या पूर्ण करणे केव्हाही चांगले, कारण एकही गणना दोनदा करावी लागत नाही. वाट पाहणारा पहिल्या शब्दाआधी वाट पाहतो. वाक्याच्या मध्ये अडकत नाही. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

आकडा ठरवताना पूर्ण झालेल्या विनंतीची लांबी धरावी. एखाद्या क्षणी काही विनंत्या नुकत्याच सुरू झालेल्या आणि काही संपत आलेल्या असतात, म्हणून सरासरी व्याप कमी दिसतो. पण लोंढा एकदम आला की सर्व जण बरोबरीने वाढतात आणि सरासरी उपयोगी पडत नाही. चौथी तपासणी केल्यानंतर आपल्या उदाहरणात ३६ ही कमाल संख्या येते. उत्तरांची लांबी कमीजास्त होणारच, म्हणून थोडी मोकळीक ठेवून २८ वर सुरुवात करावी.

```
vllm serve meta-llama/Llama-3.1-8B-Instruct \
  --max-model-len 8192 --max-num-seqs 28
```

मग गर्दीच्या एका पूर्ण काळात प्रीएम्प्शनचा आकडा पाहावा. तो हललाच नाही तर दोन-दोनने वाढवावे. वाढू लागला तर मागे यावे. क्वचित एखादे प्रीएम्प्शन झाले तर हरकत नाही.

याच ठिकाणी सेवेची खरी क्षमताही कळते. एका उत्तराला ४० सेकंद लागत असतील, तर २८ जागांमधून मिनिटाला ४२ विनंत्या पूर्ण होतात. मिनिटाला ६० येत राहिल्या तर रांग वाढतच जाईल. अशा वेळी इंजिनासमोरच्या थरात रांगेची लांबी बांधून द्यावी आणि ती भरल्यावर ४२९ क्रमांकाचे उत्तर देऊन थोड्या वेळाने यायला सांगावे. तीन मिनिटे ताटकळत ठेवून मग मुदत संपवण्यापेक्षा हे वापरकर्त्याला अधिक न्याय्य आहे.

## सहावी तपासणी: मेमरीचा हिस्सा वाढवणे

बहुतेक जण सुरुवात `--gpu-memory-utilization` पासून करतात. मी ती मुद्दाम इतकी मागे ठेवली आहे. ०.९० चे ०.९४ केले तर २४ जीबीच्या कार्डावर जेमतेम एक जीबी, म्हणजे सुमारे ७,८०० टोकने मिळतात. ही वाढ नगण्य नाही, पण तिच्या बदल्यात सुरक्षिततेची जागा जाते. आतापर्यंतच्या बिघाडात सेवा मंदावत होती. येथे चूक झाली तर `CUDA out of memory` म्हणत सर्व्हरच पडतो आणि सर्वांची चालू उत्तरे एकदम जातात. वाढवायचेच असेल तर ०.०१ ने वाढवावे, आणि प्रत्येक वेळी सर्वांत लांब प्रॉम्प्ट व पूर्ण बॅच एकत्र चालवून पाहावी. ज्या कार्डावर इतरही काही चालते, तेथे हा आकडा वाढवू नये.

## सातवी तपासणी: कॅशे किंवा वजने लहान करणे

येथून पुढे उत्तराची गुणवत्ता पणाला लागते, म्हणून पद्धत बदलते.

`--kv-cache-dtype fp8` दिल्यावर कॅशेतील प्रत्येक संख्येला दोनऐवजी एक बाइट लागतो. एका टोकनाचा खर्च ६४ केबी होतो आणि ४०,९६० ची जागा ८१,९२० होते. हे प्रत्येक कार्डावर आणि प्रत्येक अटेन्शन बॅकएंडवर चालतेच असे नाही. चालत नसेल तर इंजिन बहुधा सुरू होतानाच नकार देते.

वजने ४ बिटमध्ये आणली, तर १५ जीबींऐवजी सुमारे साडेपाच जीबी लागतात आणि कॅशेसाठी साधारण १४.५ जीबी, म्हणजे १ लाख १८ हजार टोकनांची जागा उरते. एकाच कार्डाच्या हिशेबात ही सर्वांत मोठी उडी आहे. परंतु जागा तिप्पट झाली म्हणजे वेग तिप्पट होईल असे नाही: बॅच मोठी झाली की मेमरीऐवजी गणनेचा वेग आड येऊ लागतो, आणि ४ बिटमधील वजने उलगडण्याचे कामही असतेच.

दोन्ही उपायांनंतर आपल्याच कामातील प्रश्नांचा एक संच आधीच्या आणि नंतरच्या मांडणीवर चालवून उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. लांब मजकुरातून उतरवलेले आकडे, नावे आणि तारखा विशेष काळजीने तपासाव्यात. दोन्ही उपाय एकाच दिवशी करू नयेत, नाहीतर बिघाड कशामुळे झाला हे कळणार नाही.

## आठवी तपासणी: दुसरे कार्ड

दुसरे कार्ड घेतल्यावर त्यावर मॉडेलची स्वतंत्र प्रत चालवता येते, किंवा `--tensor-parallel-size 2` देऊन एकच मॉडेल दोन्हींवर विभागता येते. दोन प्रतींमध्ये वजने दोनदा साठवली जातात, म्हणून एकूण जागा दुप्पट म्हणजे ८१,९२० टोकने होते. विभागणीत प्रत्येक कार्डावर वजनांचे ७.५ जीबीच येतात, १२.५ जीबी कॅशेला उरतात, आणि एका टोकनाचा भारही कार्डांमध्ये निम्मा निम्मा वाटला जातो. एकूण जागा २ लाख ४ हजार टोकनांपर्यंत जाते. तेवढ्याच कार्डांत पाचपट जागा मिळते.

याची किंमत कार्डांमधील देवाणघेवाणीत मोजावी लागते, कारण प्रत्येक थरानंतर त्यांना आपापले निकाल जुळवावे लागतात. कार्डे वेगवान जोडणीऐवजी साध्या पीसीआयई मार्गाने बोलत असतील तर हा भार जाणवतो. शिवाय एक कार्ड बंद पडले तर पूर्ण सेवा थांबते. दोन प्रतींमध्ये अर्धी चालू राहते. प्रॉम्प्ट लांब आणि जागेची टंचाई तीव्र असेल तर विभागणी निवडावी. विनंत्या छोट्या आणि संख्येने अनेक असतील तर दोन प्रती ठेवाव्यात.

## कधी थांबावे आणि कोणाला बोलवावे

`dmesg` मध्ये `NVRM: Xid` ने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या, तर मांडणीत बदल करणे तेथेच थांबवावे. त्यातील काही क्रमांक सॉफ्टवेअरच्या चुकीनेही येतात, पण ४८ हा मेमरीतील दुरुस्त न होणाऱ्या चुकीचा आणि ७९ हा कार्डाशी संपर्क तुटल्याचा आहे. हे वीजपुरवठा, उष्णता, जोडणी किंवा खुद्द कार्ड यांचे दोष आहेत. ते हार्डवेअर पाहणाऱ्या जाणकाराकडे किंवा हमी देणाऱ्या विक्रेत्याकडे द्यावे. चालू यंत्र उघडून कार्ड हलवून पाहू नये.

अनेक कार्डांवर विभागलेले मॉडेल त्रुटीचा संदेश न देता गोठत असेल आणि एकाच कार्डावर तेच मॉडेल नीट चालत असेल, तर दोष कार्डांमधील संवादात असतो. ते काम सर्व्हरची जोडणी आणि ड्रायव्हर जाणणाऱ्याचे आहे.

सेवा आरोग्य, कायदा किंवा पैशांच्या व्यवहाराशी निगडित असेल, तर सातवी तपासणी स्वतःच्या अंदाजाने करू नये. उत्तरांत पडलेला सूक्ष्म फरक त्या विषयाच्या तज्ज्ञालाच ओळखता येतो.

आणि पाचव्या तपासणीतील हिशेबात येणाऱ्या विनंत्या गर्दीच्या वेळीच नव्हे, तर दिवसभर क्षमतेच्या वर राहत असतील, तर मांडणीतील कोणत्याही बदलाने ती दरी भरणार नाही. तेव्हा यंत्रसामग्रीचा निर्णय घेणाऱ्यांकडे जावे. जाताना गर्दीच्या तासाभरातील `Running`, `Waiting`, कॅशेचा वापर आणि प्रीएम्प्शन यांचे आकडे, प्रॉम्प्ट व उत्तराच्या टोकनांची सरासरी आणि सर्वांत मोठी लांबी, तसेच इंजिन सुरू करण्याची संपूर्ण आज्ञा सोबत न्यावी. एवढ्या माहितीवर किती जीबी आणि किती कार्डे लागतील याचा हिशेब कोणीही जाणकार कागदावर करून देऊ शकतो.